फी मिळते, वेळ मिळत नाही

कोल्हापुरात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. मंगळवार पेठेतली एक शिकवणीची खोली तासाच्या भाड्याने घेते. तिथे उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीतले सुपरवायझर येतात, महाद्वार रोडचे दुकानदार येतात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलं घातलेल्या आया येतात. असा क्लास काढू पाहणारे अधूनमधून भेटतात आणि पहिलं विचारतात, ‘मॅडम, फी किती ठेवू आणि पुस्तक कुठलं लावू?’ मी उलट विचारते, ‘तुमची माणसं यायला मोकळी कधी असतात?’ कमावत्या माणसाकडून फी मिळते. वेळ मिळत नाही. तीन महिन्यांत तो पाव ते एक-तृतीयांश तास चुकवणारच, हे धरून बॅच, फी आणि अभ्यासक्रम ठरवला तर क्लास चालतो. पुढे लिहिलेलं सगळं याच एका गोष्टीवरून सुचलेलं आहे.

१. आधी गिऱ्हाईकाचं घड्याळ, मग आपलं

दुकानदाराला संध्याकाळ नको, कारण त्याचा धंदाच तेव्हा असतो. त्याला सकाळी ७ ते ८.१५ ही वेळ जमते. कारखान्यातला माणूस घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन साडेसातला बसू शकतो, म्हणून त्याची बॅच ७.३० ते ८.४५. घरच्या बायकांची बॅच दुपारी अडीचला, जेवणं आटोपल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आत. सगळ्यांत नियमित हीच बॅच असते. पुरुषमंडळी ‘आज जरा काम निघालं’ म्हणतात. बायकांना काम रोजच असतं, त्यामुळे त्या ते सांगत बसत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कारखानेवाल्यांची सुट्टी सोमवारी असते. त्या दिवशी ते गावाकडे जातात, शेत बघतात, पाहुण्यांकडे जातात. सुट्टीच्या दिवशी क्लास ठेवला की लोकांना सोयीचं पडेल, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशी कोणी येत नाही. म्हणून मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस आणि दर दिवशी सव्वा तास.

खरी अडचण पाळीची. एक आठवडा पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, अशा माणसाला संध्याकाळची बॅच महिन्यातून निम्मीच मिळते. त्यावर उपाय एकच निघाला. सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचला एकाच दिवशी एकच धडा ठेवायचा. दुसरी पाळी लागली की त्या माणसाने त्या आठवड्यात सकाळी यायचं. अर्धी झोप मोडून का होईना, बरेच जण येतात. शिवाय शिकवणाऱ्याची तयारी एकदाच होते.

२. प्रवेशाला लेखी परीक्षा घेऊ नका

कागद पुढे ठेवला की चाळिशीचा माणूस शाळेत नापास झालेला मुलगा होतो. मी पाच मिनिटं बोलते, तेही मराठीतून. एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: ‘शेवटचं इंग्रजी कुणाशी बोलायची वेळ आली आणि तेव्हा काय झालं?’ उत्तरातून माणूस, त्याचा धंदा आणि त्याची अडचण तिन्ही कळतात. मग त्याच्या खिशातला मोबाइल काढायला सांगून बँकेचा किंवा कुरिअरचा एखादा मेसेज मोठ्याने वाचून दाखवायला सांगते.

जो अडखळत का होईना वाचतो, तो माझ्या बॅचमध्ये बसतो. याला इंग्रजी ‘येत नाही’ असं नसतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीपासून असायचं आणि शिकवलं जायचं ते बहुतेक भाषांतर करून. त्यामुळे आज चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असलेल्या माणसाला इंग्रजी वाचून बरंच समजतं, फक्त बोलायची वेळ कधी आलेली नसते. ‘कळतंय सगळं, तोंडातनं येत नाही बघा,’ हे वाक्य मी दर प्रवेशाला ऐकते आणि ते बहुतेकदा खरं असतं.

ज्याला अक्षरंच जुळवता येत नाहीत, त्याला मात्र या बॅचमध्ये घेऊ नये. तो पहिल्याच आठवड्यात मागे पडतो आणि ‘आपल्याला जमायचं नाही’ म्हणून कायमचा जातो. त्याला आधी महिनाभर वाचन हवं. तशी चार-पाच माणसं जमली की वेगळी बॅच करते, नाही जमली तर सरळ सांगते की आत्ता माझ्याकडे तुमच्यासाठी वर्ग नाही.

३. साठ तासांत काय होतं ते पहिल्या दिवशी सांगून टाका

बारा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दर वेळी सव्वा तास, म्हणजे ६० तास. भाषेची पातळी मोजायची युरोपातली एक पट्टी जगभर वापरतात. रोजच्या साध्या व्यवहाराला पुरेल अशी भाषा तिच्यात ए-टू या पातळीवर येते आणि तिथवर जायला सुरुवातीपासून साधारण १८० ते २०० तास शिकवणी लागते, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. आपल्या माणसाच्या पदरात शाळेतलं थोडं जमा असतं, हे धरलं तरी ६० तासांत तो ‘फाडफाड’ बोलणार नाही. रिक्षांच्या मागे काहीही छापलेलं असो. मी सांगते, तुमच्या कामातले बारा प्रसंग तुम्ही मदत न घेता निभावून न्याल. सिनेमा कळणार नाही. हे ऐकून दोघे-तिघे निघून जातात. जातात ते बरं, कारण तेच पुढे फी परत मागायला आले असते.

४. प्रत्येक आठवडा स्वतंत्र असला पाहिजे

पुस्तक लावलं की धडा सातवा कळायला धडा सहावा यावा लागतो. लग्नसराईत आठवडाभर गायब झालेला माणूस परत येतो तेव्हा त्याला आपण मागे पडलो असं वाटतं आणि तो पुन्हा येत नाही. म्हणून मी आठवड्याला एक प्रसंग घेते आणि तो मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. स्वतःची आणि कामाची ओळख, फोन घेणं, भाव सांगणं, रस्ता सांगणं, वेळ ठरवणं, तक्रारीला उत्तर देणं, नकार देणं, असे बारा. एक आठवडा चुकला तर एक प्रसंग चुकला, बाकीचे अकरा शाबूत राहतात.

‘तक्रारीला उत्तर’ हा आठवडा कसा जातो ते सविस्तर सांगते. एका फाउंड्रीतला सुपरवायझर माझ्याकडे आला तो यासाठीच. चेन्नईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तो ‘यस सर, यस सर’ म्हणायचा आणि फोन मालकाच्या हातात द्यायचा. गंमत अशी की त्याच्या धंद्यातले शब्द बहुतेक इंग्रजीच. कास्टिंग, कोअर, पॅटर्न, ब्लोहोल, रिजेक्शन, हीट नंबर, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. त्याच्याकडे नव्हती ती हे शब्द एकत्र बांधणारी क्रियापदं.

मंगळवारी मी फक्त तीन वाक्यांचा साचा दिला: काय झालं, आत्ता काय चाललंय, पुढे काय करणार. त्याच्या तोंडी तो असा बसला: ‘वुई फाउंड ब्लोहोल्स इन ट्वेल्व्ह पीसेस. वुई आर चेकिंग द कोअर. वुई विल सेंड न्यू पीसेस ऑन फ्रायडे.’ भूतकाळ, चालू वर्तमानकाळ, भविष्यकाळ, तिन्ही आले आणि काळाचं नावही काढावं लागलं नाही. त्याच वर्गात पापाच्या तिकटीजवळचा चपलांचा दुकानदार होता. त्याने तोच साचा चपलेच्या तुटलेल्या पट्ट्यावर बसवला. तिसऱ्याने वेळेत न पोचलेल्या पार्सलवर. धंदे वेगळे असलेली माणसं एका बॅचमध्ये कशी शिकवायची, असं मला विचारतात. साचा एक ठेवायचा, शब्द ज्याचे त्याने आणायचे.

बुधवारी समोरच्याचे प्रश्न. किती पीस, कधी लक्षात आलं, कशामुळे झालं. आपला माणूस उत्तर पाठ करून जातो आणि प्रश्न ऐकूनच गडबडतो, म्हणून तो दिवस पूर्ण प्रश्नांचा. याच दिवशी एक सुटकेचं वाक्य प्रत्येकाकडून घोटून घेते: ‘प्लीज से दॅट अगेन, स्लोली.’ हे एक वाक्य आलं की निम्मी भीती जाते, कारण न कळणं हा गुन्हा राहत नाही. गुरुवारचं पुढे सांगते. शुक्रवारी जोडीतल्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवते आणि फोन करायला लावते. समोरासमोर बसले की हातवारे आणि मान हलवून काम भागवतात. फोनवर ते चालत नाही. पाठमोरं बसवलं की कोण खरंच बोलतंय हे लगेच कळतं.

तो सुपरवायझर बारा आठवड्यांनंतरही आर्टिकल्स खात होता. पण फोन मालकाकडे देत नव्हता.

५. गुरुवार बोलण्याचा, आणि विषय त्यांचा

अस्खलितपणासाठी मी जी युक्ती वापरते ती जुनी आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी पुढे पसरवली. माणसाने एकच गोष्ट तीन वेळा सांगायची: पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. श्रोता दर वेळी नवा, म्हणून सांगण्याला अर्थ राहतो. वेळ कमी होत जाते, म्हणून शब्द शोधत थांबणं कमी होत जातं. माझ्या माणसांना सुरुवातीला चार मिनिटं झेपत नाहीत. मी दोन मिनिटं, दीड आणि एक अशी सुरुवात करते आणि सहाव्या आठवड्यानंतर मूळ वेळेवर जाते.

विषय ‘माय बेस्ट फ्रेंड’ दिला की माणूस पाचव्या वाक्याला संपतो. फुटबॉलचा हंगाम चालू असताना शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांची मॅच झालेली असली, तर त्या संध्याकाळी मी दुसरा विषय काढतच नाही. एरवी मान खाली घालून बसणारा तालमीचा पोरगा ऑफसाइड कसा चुकीचा दिला हे इंग्रजीतून भांडून सांगतो. व्याकरणाचा खुर्दा होतो, पण थांबत नाही. पहिल्या वेळी मध्ये मराठी येतं, तिसऱ्या वेळी ते जवळपास गेलेलं असतं. फरक त्याचा त्यालाच ऐकू येतो.

एक पथ्य: बोलत असताना चूक दुरुस्त करू नये. मी वहीत टिपते आणि शेवटच्या दहा मिनिटांत पाच वाक्यं फळ्यावर लिहिते, कोणाची ते न सांगता. ती वर्गानेच दुरुस्त करायची. दर आठवड्याला तीच ती वाक्यं येतात: ‘डिड यू वेंट’, ‘व्हॉट यू आर डूइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. तीन महिन्यांत एवढ्या चुका निघाल्या तरी पुष्कळ झालं. ‘हॅव बीन’च्या नादी मी पहिल्या बॅचला लागत नाही. ते शिकवल्याने शिकवणाऱ्याचं समाधान होतं, शिकणाऱ्याच्या तोंडी ते येत नाही.

६. सोळाच्या वर एकही नको

गणित सोपं आहे. ७५ मिनिटांत १६ जणांना एकेक करून उभं केलं आणि मी एक शब्दही बोलले नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. जोड्या लावल्या आणि अर्धा तास जोडीकाम दिलं, तर प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. म्हणजे जोड्या लावल्याच पाहिजेत, आणि आठपेक्षा जास्त जोड्यांकडे एका माणसाचा कान पुरत नाही. तीस-चाळीस जणांपुढे शिकवणारेही आहेत. ते इंग्रजीवर व्याख्यान देतात.

एकाच दुकानातले मालक आणि नोकर, सासरे आणि सून, साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस, यांना एका बॅचमध्ये घेऊ नका. मालक चुकायला तयार नसतो आणि नोकर बरोबर बोलायला धजत नाही. दोघेही गप्प बसतात. मी प्रवेशाच्या वेळीच विचारते की बॅचमध्ये ओळखीचं कोण आहे, आणि गरज असली तर एकाला सकाळी पाठवते.

७. फी तीन हप्त्यांत, आणि उतरती

संध्याकाळच्या एका बॅचचा माझा हिशेब मांडते. तुमच्या पेठेतलं भाडं वेगळं असेल, आकडे बदलून घ्या. खोलीचं भाडं दर दिवसाला १५० रुपये, ४८ दिवसांचे ७,२००. हँडबिलं छापून पेपरात टाकायला ४,०००. झेरॉक्स माणशी १५०, चौदा जणांचे २,१००. एकूण खर्च १३,३००. फी माणशी ४,५००.

आता चौदा गुणिले साडेचार हजार असा हिशेब कोणी करू नये. चौदांपैकी दोघे पहिल्या महिन्यानंतर जातात, दोघे दुसऱ्यानंतर. बदली होते, पाळी बदलते, घरात आजारपण निघतं. हप्ते १,५०० चे समान ठेवले तर दहा जणांचे ४५,०००, दोघांचे ३,००० आणि दोघांचे ६,००० मिळून ५४,००० येतात. मी हप्ते २,०००, १,५०० आणि १,००० असे उतरते ठेवते. त्याच गळतीत ५६,००० येतात. खर्च जाऊन ४२,७०० उरतात, म्हणजे दर वर्गाला साधारण ८९० रुपये.

पण दोन हजार जास्त मिळतात हे त्याचं मोठं कारण नव्हे. गळती हप्ता भरायच्या दिवशीच होते. हजाराच्या शेवटच्या हप्त्यासाठी कोणी क्लास सोडत नाही, दीड हजारासाठी सोडतो. एकदम पूर्ण फी घेतली तर पैसे हातात येतात, पण मग न येणाऱ्या माणसाला आपण फोन करेनासे होतो, हा माझा सार्वत्रिक अनुभव आहे. इतर क्लासवाले रागावतील, रागावोत.

खालची मर्यादाही ठरवून ठेवावी. दर वर्गाला निदान ५०० रुपये सुटावेत असं म्हटलं, तर याच खर्चात नऊ जणांची पूर्ण फी यावी लागते. आठ जण असले तर थोडक्यात चुकतं. गळती धरता माझी किमान संख्या अकरा. त्याहून कमी नावं आली तर मी बॅच पुढे ढकलते आणि आलेल्यांना तसं कळवते.

फुकट कोणाला शिकवू नका, हेही सांगते. अडचण असली तर फी निम्मी करा, पण घ्या. फुकटातला माणूस येत नाही, असंच मी पाहिलं आहे.

८. प्रगती कानाने मोजा

पहिल्या शुक्रवारी प्रत्येकाने एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचा: ‘मी दिवसभर काय काम करतो’. तो मी जपून ठेवते. बाराव्या आठवड्यात तोच प्रश्न, तेवढाच वेळ. दोन्ही लागोपाठ ऐकवले की प्रमाणपत्राची गरज उरत नाही. मी त्यात दोनच गोष्टी मोजते, लांब थांबे किती आणि पूर्ण वाक्यं किती. उच्चार कोल्हापुरी राहिले तर राहू देत. ज्याचे थांबे कमी झालेले नसतात, त्याची हजेरी काढून बघावी. बहुतेक वेळा गुरुवारचीच गैरहजेरी असते.

९. कागदपत्रं

जास्त नाहीत. मोजकेच कामगार असलेल्या जागेला २०१७ च्या कायद्यानुसार नोंदणीची लांब प्रक्रिया नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. लोक त्यालाही गुमास्ताच म्हणतात. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच. आपली जात नाही. फीची छापील पावती मात्र पहिल्या दिवसापासून द्या.

१०. सुरुवात कधी करायची

सगळ्यांत चांगली बॅच दिवाळीनंतरची. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपते, मध्ये मोठा सण नाही, पाऊस नाही. एप्रिल-मे मध्ये जोतिबाची चैत्र यात्रा, लग्नं आणि सुट्टी, त्यामुळे मी तेव्हा बॅच काढत नाही. नवरात्रात महाद्वार रोडचा दुकानदार दुकानातून हलत नाही. जूनची बॅच गणपतीच्या आत संपवावी, पण तिला दोन आठवडे जास्तीचे धरावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा शिरोलीकडचा हायवेच बंद पडला होता. पूर दर वर्षी येत नाही, पण पाणी वाढतंय म्हटलं की नदीपलीकडची माणसं यायची थांबतात.

पहिलीच बॅच काढणार असाल तर दिवाळीनंतरचीच धरा. हँडबिलं दिवाळीच्या आधी टाकू नका, फराळाच्या जाहिरातींत ती हरवतात. भाऊबीज झाल्यावर टाका, आणि अकरा नावं पैशांसकट वहीत आल्याशिवाय खोलीचं भाडं ठरवू नका.